१ मिनिट पळणे, १ मिनिट चालणे: सरासरी पेसचा हिशोब (प्रकल्प नोंदी)

१ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसच्या ग्रुपने जानेवारीत ५ किमीला नाव द्यायचं ठरवलंय आणि मी जोशात सगळ्यांसमोर बोलून बसले की चाळीस मिनिटांत करते. सलग पळणं मला जमत नाही, गुडघा दुसऱ्याच किलोमीटरला आठवण करून देतो, म्हणून पद्धत ठरवली: एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं, शेवटपर्यंत हेच. जेफ गॅलोवे म्हणून एक अमेरिकन, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला १०,००० मीटर पळालेला, त्याने ही पळ-चाल पद्धत लोकांमध्ये रुजवली, तेव्हा लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही.

घड्याळात दर मिनिटाला थरथरणारा टायमर लावलाय. प्रश्न एवढाच आहे की अशा पद्धतीत सरासरी पेस किती पडतो आणि ठरलेल्या वेळात अंतर किती होतं. सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलवर मी ९ वर पळते आणि ६ वर चालते. ९ म्हणजे ताशी ९ किमी, एका किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे पेस ६:४०. ६ म्हणजे पेस १०:००. अर्धा वेळ हे, अर्धा वेळ ते, मग मधला आकडा ८:२०. पाच किमीला ४१:४०. चाळीसच्या वर जातंय, पण थोडं ढकललं की होईल असं वाटतंय. अर्ध्या तासात या हिशोबाने ३.६० किमी व्हायला हवं, उद्या बघू.

२ नोव्हेंबर, रविवार

नेरुळला ज्वेलच्या ट्रॅकवर गेले, सकाळी सहाला. फ्लेमिंगो अजून दिसत नाहीयेत पण माणसांची गर्दी भरपूर, हातात हात घालून चार-चार जणांची रांग चालते आणि आपण मागून "एक्सक्यूज मी" करत राहायचं. ३० मिनिटं, १५ जोड्या (एक पळायचं मिनिट आणि एक चालायचं, ही माझी एक जोडी). घड्याळाने दाखवलं ३.६३ किमी.

३.६० सांगितलं, ३.६३ आलं! हिशोब बरोबर, प्रकल्प संपला, घरी येऊन पोहे खाल्ले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रकल्प संपलेला नाहीये.

काल पाय आखडले होते म्हणून आज बाहेर न जाता जिममध्ये तेच केलं. बटणाने ९, मिनिटाने ६, परत ९, बरोब्बर ३० मिनिटं. मशीनने दाखवलं ३.७४.

हे पटेना. ट्रेडमिलवर जीपीएसची भानगड नाही, वेग मी स्वतः बटणाने दिलेला, पट्टा तर उलट वेग बदलायला दोन-तीन सेकंद घेतो आणि सुरुवातीला शून्यावरून उठतो, म्हणजे थोडं कमीच भरायला हवं होतं. तरी माझ्या हिशोबापेक्षा १४० मीटर जास्त. मशीन बिघडलंय असं आधी वाटलं आणि तसं मी वॉचमनला सांगूनही आले, ते बिचारे म्हणाले मॅडम काल तर सर्व्हिसिंग झालं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज सुट्टी. खाली कट्ट्यावर दुसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. रेल्वेतून मोटरमन म्हणून रिटायर झालेले, हार्बर लाइनवर आयुष्य गेलं. त्यांना सहज सांगितलं की काका, ६:४० आणि १०:०० ची सरासरी ८:२० येते पण मशीन ऐकत नाही.

काका म्हणाले, "अगं पण हे ६:४० कसले? मिनिटं पर किलोमीटर ना? म्हणजे तू किती पळालीस ते सांगतच नाहीयेस, एक किलोमीटरला किती वेळ लागेल ते सांगतेयस. एक किलोमीटर पळालीस आणि एक किलोमीटर चाललीस, तर तुझी ८:२० बरोबर. तसं केलंस का?"

नाही केलं. मी वेळ सारखा वाटला, अंतर नाही. बस, एवढंच होतं, आणि अकाउंट्समध्ये चौदा वर्षं काढून हे माझ्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन मीटरमध्ये मांडलं तेव्हा अगदी उघडं पडलं. ताशी ९ म्हणजे मिनिटाला १५० मीटर. ताशी ६ म्हणजे मिनिटाला १०० मीटर. एक जोडी म्हणजे दोन मिनिटांत २५० मीटर. पंधरा जोड्या म्हणजे ३,७५० मीटर, आणि मशीनने ३.७४ दाखवलं होतं, वरचे दहा मीटर पट्टा उठण्यात गेले. मिनिटाला सरासरी १२५ मीटर, म्हणजे १००० मीटरला आठ मिनिटं. पेस ८:००, ८:२० नाही.

स्वतःची खात्री करायला उलटीकडूनही केलं. अर्ध्या तासात १५ मिनिटं पळून २.२५ किमी झाले आणि १५ मिनिटं चालून १.५ किमी. म्हणजे एकूण अंतराचा ६० टक्के भाग मी पळत कापला आणि ४० टक्केच चालत. जिथे जास्त अंतर कापलं तो पेस सरासरीत जास्त मोजला गेला पाहिजे, ६:४० चे ६० टक्के म्हणजे ४:००, १०:०० चे ४० टक्के म्हणजे ४:००, बेरीज ८:००. दोन्हीकडून तेच.

त्यामुळे नियम माझ्यापुरता असा: वेळ सारखा वाटला असेल तर वेगाची साधी सरासरी चालते, पेसची चालत नाही. पेसची साधी सरासरी नेहमी आपल्याला आहोत त्यापेक्षा हळू दाखवते आणि दोन पेसमध्ये जितकं अंतर जास्त तितकी जास्त फसवते. ८:०० आणि ९:०० असते तर ८:३० ऐवजी खरा ८:२८, म्हणजे फरक कुणाला कळलाही नसता. माझ्यासारखी पळण्यात आणि चालण्यात मोठी दरी असली की मग वीस-पंचवीस सेकंदांनी गाडी चुकते.

थेट पेसवरूनच काढायचं असेल तर हे सूत्र, P पळण्याचा पेस, C चालण्याचा, दोन्ही सेकंदात:

```
2 * P * C / (P + C)
```

४०० आणि ६०० टाकले की ४८० येतात, म्हणजे ८:००. पण हे फक्त एकास एक असेल तेव्हाच. कुणी दोन मिनिटं पळून एक मिनिट चालत असेल तर हे सूत्र विसरा आणि सरळ मीटर मोजा, ते कधीच दगा देत नाही.

आता कोडं वेगळंच आहे. हिशोब चुकीचा होता, तर मग रविवारी ज्वेलवर उत्तर बरोबर कसं आलं? ३.७५ यायला हवं होतं, आलं ३.६३. १२० मीटर कुठे गेले?

६ नोव्हेंबर, गुरुवार

लंचमध्ये रविवारचे लॅप्स शीटमध्ये घेतले. ३० ओळी, प्रत्येक एक मिनिटाची, B मध्ये अंतर किमी, C मध्ये वेळ, D मध्ये त्या लॅपचा पेस. सवयीने खाली D ला AVERAGE लावलं आणि परत तीच चूक, कारण प्रत्येक ओळीला सारखं वजन मिळतं, पण ओळीमागचं अंतर सारखं नाहीये. बरोबर ते असं:

```
=SUM(C2:C31)/SUM(B2:B31)
```

एकूण वेळ भागिले एकूण अंतर. घड्याळही सरासरी पेस दाखवताना हेच करतं, म्हणून घड्याळाचा आकडा आणि माझा AVERAGE जुळत नव्हता.

अजून एक खड्डा, यात मी पाऊण तास पडले होते. 6:40 असं टाइप केलं की शीट त्याला सहा मिनिटं चाळीस सेकंद समजत नाही, सहा तास चाळीस मिनिटं समजतं. दिसायला तेच दिसतं म्हणून कळत नाही. कळलं कधी, तर ८:२० ला पाचने गुणलं आणि सेलला घड्याळाच्या वेळेचा फॉरमॅट होता, उत्तर दिसलं १७:४०. पाच किमी सतरा चाळीसमध्ये, मी! खरं तर ते ४१ तास ४० मिनिटं होतं आणि फॉरमॅटने त्यातले २४ तास गिळले. 0:06:40 असं पूर्ण टाइप करायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

हरवलेल्या १२० मीटरचा शोध. संशयित दोन: घड्याळ आणि मी.

घड्याळावर संशय घेण्याला कारण आहे. एका मिनिटात मी चालते शंभरेक मीटर, त्यात जीपीएस पाच मीटर इकडे-तिकडे झालं तरी ५ टक्के, म्हणजे दहाच्या पेसमध्ये तीस सेकंद. आणि स्क्रीनवरचा चालू पेस तर कामाचाच नाही, तो मागच्या काही सेकंदांवरून काढलेला असतो, एक मिनिटाच्या तुकड्यात तो खरा आकडा पकडेपर्यंत पुढचं थरथरणं येतं. एकूण अंतराला घड्याळ ठीक, एकेका मिनिटाला नाही.

म्हणून टेप. आमच्या सेक्टरच्या बागेत फरशीचा गोल ट्रॅक आहे. चिरंजीव (आठवी), मी आणि काका, शिवाय नवऱ्याच्या साइटवरची ३० मीटरची टेप. टेप आठ वेळा टाकली आणि वर १० मीटर, एक फेरी २५० मीटर. वळणावर टेप सरळ ताणली तर ती कोपरा कापते आणि फेरी लहान मोजली जाते, म्हणून चिरंजीव वाकून वाकून टेप कडेला चिकटवून धरत होता आणि कुरकुरत होता. मी ज्या रेषेवर पळणार त्याच रेषेवर मोजली, आतल्या कडेपासून एक वीत. हे महत्त्वाचं आहे, कारण त्या रेषेपासून ३० सेंमी बाहेरून पळालं तर एका फेरीला जवळपास १.९ मीटर वाढतात, गोल लहान असो की मोठा, आणि वीस फेऱ्यांना चाळीसेक मीटर होतात. दर ५० मीटरला खडूने रेघ मारली. बागेतल्या आजींनी विचारलं रांगोळीची स्पर्धा आहे का.

मग मोजमाप. पळताना दोन रेघांमधले १०० मीटर, मिनिटाच्या मध्यावर, म्हणजे वेग पकडल्यावर: ४० सेकंद. तीन वेळा केलं, ४०, ३९, ४१. म्हणजे मिनिटाला १५० मीटर, पेस ६:४०, हे बरोबर होतं.

चालताना ५० मीटर: ३२ सेकंद. परत ३२. एकदा ३३. म्हणजे मिनिटाला ९३.७५ मीटर, पेस १०:४०.

चोर सापडला. १०:०० हा माझा पेस नव्हताच, तो ट्रेडमिलचा होता. पट्टा ६ वर लावला की पट्टा ६ वर फिरतो, तुम्ही रेंगाळलात तर मागे पडाल म्हणून पाय आपोआप चालतात. बागेत ढकलायला कुणी नाही, पळून दमलेलं माणूस आपल्या मर्जीने चालतं, आणि माझी मर्जी १०:४० ची आहे.

नवीन हिशोब: १५० अधिक ९३.७५, जोडीला २४३.७५ मीटर, पंधरा जोड्यांना ३,६५६. घड्याळाने दाखवलेले ३,६३०. राहिले फक्त २६ मीटर, आणि एवढा फरक घड्याळाचाही असू शकतो म्हणून सोडून दिला.

म्हणजे रविवारी माझ्या दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. पेसची साधी सरासरी मला हळू दाखवत होती आणि चालण्याचा फुगवलेला आकडा मला जलद दाखवत होता, दोघींनी मिळून जवळजवळ बरोबर उत्तर दिलं आणि मी पोहे खात बसले. ट्रेडमिलवर दुसरी चूक गायब झाली तेव्हाच पहिली दिसली.

९ नोव्हेंबर, रविवार

बागेत पूर्ण ४० मिनिटं, २० जोड्या. अपेक्षा: २० गुणिले २४३.७५, म्हणजे ४,८७५ मीटर. फेऱ्या चिरंजीवाने मोजल्या, बाकावर बसून, प्रत्येक फेरीला एक बिस्किट या दराने.

१९ फेऱ्या आणि वर ५० मीटर. ४,८०० मीटर. (घड्याळ म्हणे ४.६६! लहान गोलात ते बिंदूला बिंदू सरळ जोडतं आणि वळणं कापत जातं, त्यामुळे बागेत त्याचं ऐकायचं नाही असं ठरवलं.)

७५ मीटर कमी. या वेळी टेप आहे, त्यामुळे घड्याळावर ढकलता येत नाही. आणि चालू सरासरी बघा: ४,८०० भागिले ४० म्हणजे मिनिटाला १२० मीटर, म्हणजे पेस ८:२०, म्हणजे पाच किमीला ४१:४०. अगदी पहिल्या दिवशीचं चुकीचं उत्तर. हसावं की रडावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

७५ मीटरचा विचार दोन दिवस लोकलमध्ये उभ्याने केला.

पहिला संशय अर्थात थरथरण्यापासून वेग बदलेपर्यंतच्या सेकंदांवर. मिनिट सुरू झाल्या क्षणी मी १५० च्या वेगात नसते, उचलायला चार-पाच सेकंद जातात. पण कागदावर मांडलं तर हे नुकसान परत मिळतं! पळायच्या मिनिटाच्या सुरुवातीला जितके सेकंद मी चालण्याच्या वेगात अडकलेली असते, तितकेच सेकंद चालायच्या मिनिटाच्या सुरुवातीला मी अजून पळण्याच्या वेगात असते. एका मिनिटात चारेक मीटर जातात, पुढच्या मिनिटात चारेक मीटर येतात. जोडीची बेरीज तीच.

काकांना सांगितलं तर म्हणाले गाडीचं तसं नसतं, गाडी ब्रेकने लवकर थांबते आणि उचलायला जास्त वेळ घेते. "तूही तशीच करत असशील."

तशीच करते. संध्याकाळी बागेत चिरंजीवाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला, शेवटच्या सहा जोड्यांचा, आणि घरी सेकंद मोजले. "चाला" चं थरथरणं आलं की मी एका सेकंदात चालते. म्हणजे पायांना तो निरोप आधीच मिळालेला असतो. "पळा" चं आलं की मी आधी घड्याळाकडे बघते, खरंच झालं का मिनिट, मग ओढणी सारखी करते, मग दोन पावलं अजून चालते आणि मग पळते. पाच सेकंद, कधी सात.

फक्त हा फरकच पैसे खातो. दोन वेगांमधलं अंतर मिनिटाला ५६ मीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.९४ मीटर. ७५ मीटर म्हणजे ८० सेकंद, वीस जोड्यांत वाटले तर जोडीला सरासरी ४ सेकंद. व्हिडिओत एक आणि पाच, फरक चार. इतकं तंतोतंत जुळलं की मला शंका आली, आणि शंका रास्त आहे, आधीच्या जोड्यांचा व्हिडिओ नाही, तेव्हा मी बहुतेक टवटवीत असते आणि शेवटी जास्त रेंगाळते. पण एकूण ऐवज एवढाच.

रविवारच्या त्या २६ मीटरनाही आता अर्थ लागतो, जोडीला दोनेक सेकंद. पण ते घड्याळाने मोजलेले होते, त्यामुळे त्यावर पैज लावणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आता ४० मिनिटांचं काय. त्यासाठी मिनिटाला १२५ मीटर हवेत, म्हणजे जोडीला २५०. माझ्याकडे आहेत २४०. जोडीला १० मीटर कुठून तरी आणायचे आहेत.

चार सेकंदांचं रेंगाळणं पूर्ण थांबवलं तर ३.७५ मीटर फुकटात परत. राहिले ६.२५. हे पळण्यातून आणता येतात किंवा चालण्यातून, आणि वेळ सारखा असल्यामुळे मीटरला मीटर सारखाच, कुठूनही आला तरी. पळण्यातून आणायचे तर १५० वरून १५६.२५, म्हणजे पेस ६:४० वरून ६:२४. चालण्यातून आणायचे तर ९३.७५ वरून १००, म्हणजे १०:४० वरून १०:००. पेसमध्ये वाचलं तर चालण्यातली सुधारणा मोठी वाटते, चाळीस सेकंद म्हणजे केवढं, आणि पळण्यातली सोळा सेकंदांची किरकोळ वाटते. मीटरमध्ये दोन्ही ६.२५. पेस या आकड्याची हीच गंमत आहे, हळू बाजूला तो ताणलेल्या रबरासारखा असतो.

माझ्या गुडघ्याचं मत चालण्याच्या बाजूने पडलं. माझं पाऊल साधारण ७५ सेंमी पडतं (खडूच्या रेघांमध्ये मोजलं, ५० मीटरला ६७ पावलं). ९३.७५ मीटरला १२५ पावलं, १०० मीटरला १३३. मिनिटाला आठ पावलं जास्त, पाऊल लांब टाकायचं नाही, फक्त भराभर. हात कोपरात वाकवले की पाय आपोआप मागे येतात, हे आजच कळलं.

आज अजून एक गोष्ट कळली, पाणी. नळाशी थांबून एक अख्खं चालायचं मिनिट उभी राहिले. त्या मिनिटाचे ९४ मीटर शून्य झाले, म्हणजे पाच किमीच्या वेळेत पाऊण मिनिट वाढलं. सगळीच चालायची मिनिटं अशी उभ्याने काढली तर सरासरी मिनिटाला ७५ मीटर, पेस १३:२०, पळण्याच्या दुप्पट. बाटली हातात घेऊन चालत प्यायची. आणि घड्याळातलं ऑटो पॉज बंद केलं, ते थांबले की वेळ मोजणंच थांबवतं आणि पेस छान दाखवतं, फिनिशचं घड्याळ काही थांबत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

१३३ पावलांनी वीस मिनिटं. पहिल्या पाच जोड्या मस्त. सहावीपासून चालायच्या मिनिटात श्वास खाली येईना, पळायची वेळ झाली तरी एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं, आणि मग पळण्याचा वेग गेला, १०० मीटरला ४३ सेकंद. म्हणजे मिनिटाला साडेदहा मीटर पळण्यात गमावले, सहा चालण्यात कमावले. तोट्यातला धंदा. चालणं हे विश्रांतीसाठी आहे हे विसरून चालणार नाही (हो, कळलं, चालणार नाही). १३० पावलांवर आणते.

२३ नोव्हेंबर, रविवार

बागेत परत ४० मिनिटं. थंडी नाही पण सकाळची हवा कोरडी झालीये, फरक पडतो. पळणं १५०, शेवटपर्यंत टिकलं, ५० मीटरच्या रेघांवर बघत होते. चालणं ९८ च्या आसपास. रेंगाळणं पूर्ण गेलं नाही, पण जोडीला दोन सेकंदांवर आलं, ओढणी घरी ठेवली.

आधीच कागदावर लिहून नेलं होतं: १५० अधिक ९८ म्हणजे २४८, वीस जोड्या ४,९६०, वजा रेंगाळण्याचे वीस गुणिले दोन सेकंद, सेकंदाला ०.८७ मीटर, म्हणजे ३५. उत्तर ४,९२५.

चिरंजीवाची मोजणी: १९ फेऱ्या आणि चौथ्या खडूच्या रेघेच्या अलीकडे, टेपने १७५. ४,९२५.

मी तिथेच बाकावर बसले. काका म्हणाले राइट टाइम.

(एक मीटरही चुकला नाही याचं श्रेय पूर्ण मला नाही, रेंगाळणं मी अंदाजानेच दोन धरलं होतं.)

२४ नोव्हेंबर, सोमवार

आता ४० मिनिटांना ७५ मीटर कमी आहेत. सरासरी पेसवरून ५ किमीची वेळ काढली तर ८:०७.३ गुणिले पाच, साधारण ४०:३६. पण हेही पूर्ण खरं नाही, कारण शेवटचे ७५ मीटर मी सरासरी वेगाने जाणारच नाहीये. एकतर पळत जाईन, नाहीतर चालत. सुरुवात पळण्याने केली असेल तर ४० मिनिटं पूर्ण झाल्यावर पळायचं मिनिट येतं, ७५ मीटर ३० सेकंदांत, ४०:३० आणि वर रेंगाळण्याचा एखाद सेकंद. सुरुवात चालण्याने केली असेल तर चालायचं मिनिट येतं, ७५ मीटरला ४६ सेकंद, ४०:४६. तीच माणूस, तेच दोन वेग, पंधरा सेकंदांचा फरक फक्त पहिल्या मिनिटाच्या निवडीवर.

आणि जर मी ठरवल्याप्रमाणे बरोब्बर २५० मीटर जोडीला आणले तर मात्र ५ किमी म्हणजे पूर्ण वीस जोड्या, मग क्रमाने वेळ बदलत नाही, पण पळण्याने सुरुवात केली तर फिनिश लाइन मी चालत ओलांडेन. फोटोत.

चिरंजीव म्हणतो, "आई, शेवटचं मिनिट नियम मोडून पळ ना." मोडेन. ते पळालं तर शेवटचे शंभर मीटर ४० सेकंदांत जातात, वीस सेकंद वाचतात. पण हिशोबात धरणार नाही, तेव्हा गुडघा काय म्हणेल ते आत्ता सांगता येत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जानेवारीपर्यंत आता हिशोब बदलायचा नाही, फक्त पळताना तपासायचा. पळताना पेस बघण्यात अर्थ नाही हे कळलंय, कारण घड्याळ पळायच्या मिनिटात खूश करतं आणि चालायच्या मिनिटात घाबरवतं. त्यामुळे तपासणी पूर्ण जोड्यांवरच, चालायचं मिनिट संपलं की.

आत्ताच्या तब्येतीने जोडीला २४६ मीटर आणि थोडे, चार जोड्यांना ९८५. म्हणजे दर आठ मिनिटांनी, चौथं चालणं संपताना, किलोमीटरचा बोर्ड माझ्यापुढे १५ मीटरवर असायला हवा. सोळा मिनिटांना दुसरा बोर्ड ३० वर, मग ४५, मग ६०, आणि चाळीसला फिनिश ७५ वर. यापेक्षा जवळ असला तर मी सुधारलेय, लांब असला तर बहुतेक परत घड्याळाकडे बघत उभी राहतेय.

१५ मीटर म्हणजे माझी वीस पावलं. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहून बघितलं, २० ४० ६० ८० १००, घामाने पुसतं का ते उद्या पाम बीचला पळून कळेल.